मेकर-टेकर फी, वरची टिअर आणि माझी एक्सपेक्टन्सी: हिशोब कुठे चुकतोय?

गोदाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, नाशिकला माझं छोटं वर्कशॉप आहे, सीएनसीवर जॉबवर्क करतो. रात्री नऊनंतर बिटकॉइनच्या परपेच्युअलमध्ये छोटे ट्रेड घेतो. एक ट्रेड वीस मिनिटांपासून दीड तासापर्यंत चालतो, दिवसाला सरासरी आठ ट्रेड, महिन्यात साधारण 22 दिवस. प्रत्येक वेळी पोझिशन 10 लाखांची. दहापट लिव्हरेज असल्यामुळे मार्जिन 1 लाख अडकतं. टार्गेट 0.40 टक्के, स्टॉप 0.25 टक्के. हे ठरलेलं आहे, मध्येच बदलत नाही.

दोन महिन्यांत 352 ट्रेड झाले. 48 टक्के टार्गेटला गेले, बाकी स्टॉपला. म्हणजे सरासरी ट्रेडला 0.062 टक्का नफा, रुपयांत 620. एकूण 2.18 लाख यायला हवे होते. खात्यात मात्र 6 लाखांचे 4 लाख झालेत!

काल रात्री स्टेटमेंट उतरवून बेरीज केली. फी आणि तिच्यावरचा 18 टक्के जीएसटी मिळून 4.15 लाख गेलेत. पोझिशनच्या पडद्यावर हिरवा आकडा दिसायचा तो फी वजा न करता दाखवलेला होता, हे इतक्या उशिरा कळलं. कारखान्यात टूलिंगचा खर्च धरल्याशिवाय मी कोटेशन देत नाही, आणि इथे दोन महिने फी न धरताच ट्रेड करत होतो.

माझ्या एक्स्चेंजचे दर मेकर 0.02, टेकर 0.05 टक्के. मी सगळं मार्केट ऑर्डरने करतो. दरांच्या पानावर असंही लिहिलंय की 30 दिवसांत दीड कोटी डॉलरचा व्हॉल्यूम झाला की मेकर 0.016 आणि टेकर 0.04 होतो. सध्या माझा महिन्याचा व्हॉल्यूम 40 लाख डॉलरच्या आसपास आहे. प्रश्न एवढाच: ट्रेड वाढवून वरची टिअर गाठली तर ही पद्धत नफ्यात येईल का?

---

बाराबंदी

प्रश्नातच उत्तर आहे की हो. एफडी करा आणि रात्री झोपा.

---

हडपसरचा_स्वप्नील

टिअरच्या मागे कशाला लागता दादा? मार्केट ऑर्डर बंद करा आणि लिमिट लावा. लिमिट लावली की तुम्ही मेकर. 0.05 चे 0.02 झाले, म्हणजे फी थेट 60 टक्क्यांनी कमी. तुमची 4.15 लाखांची फी 1.66 लाखांवर आली असती आणि 2.18 मधून ती वजा करून वर 52 हजार उरले असते. मी हेच करतो. एवढा साधा बदल लोक करत नाहीत याचं आश्चर्य वाटतं.

---

जुना_वायदेवाला

मला हा प्रकारच कळत नाही. आम्ही निफ्टीत डिस्काउंट ब्रोकरकडे ऑर्डरमागे 20 रुपये देतो. लॉट एक असो वा दहा, लिमिट असो वा मार्केट, वीसच. तुम्ही ब्रोकर का बदलत नाही? दोन महिन्यांत 4 लाख ब्रोकरेज म्हणजे लूट आहे.

---

अर्धाटिक

@जुना_वायदेवाला, इथे मध्ये ब्रोकर नाही. एक्स्चेंज स्वतःच फी घेतं आणि ती पोझिशनच्या पूर्ण रकमेवर, टक्क्यात घेतं. मार्जिनवर नाही. म्हणून 1 लाख अडकवणाऱ्याला 10 लाखांवरची फी लागते. येताना 500, जाताना 500, वर 180 जीएसटी. एका फेरीचे 1,180 रुपये, म्हणजे अडकलेल्या मार्जिनच्या 1.18 टक्के. लिव्हरेज वाढवलं की हा आकडा मार्जिनच्या तुलनेत तितक्याच पटीने फुगतो आणि लोकांना वाटतं फी तर पाच पैसे आहे.

ब्रोकर बदलून फार फरकही पडणार नाही. 2025 मध्ये मी शेवटचं पाहिलं तेव्हा बायनान्सच्या डॉलर फ्युचर्सला सगळ्यात खालच्या पायरीवर 0.02 आणि 0.05 होते, बायबिटला 0.02 आणि 0.055. सगळे एकाच गल्लीत दुकान मांडून बसलेत.

@स्वप्नील, तुमचं अर्धं बरोबर आहे. दोन ठिकाणी घोळ आहे.

पहिला घोळ: लिमिट लावली म्हणून कोणी मेकर होत नाही. ऑर्डर बुकात जाऊन थांबली आणि दुसऱ्या कोणीतरी येऊन ती उचलली तर मेकर. समोर 1,00,000 ला विकणारा उभा आहे आणि तुम्ही 1,00,005 ची खरेदीची लिमिट टाकली, तर ती लागलीच लागेल आणि टेकरचा दर पडेल. घाईत लिमिट लावणारे बहुतेक असेच लावतात. यासाठी `Post Only` चा पर्याय असतो (बायनान्स फ्युचर्सच्या एपीआयमध्ये त्याचं नाव `GTX`). ऑर्डर लगेच लागणार असेल तर ती रद्द होते, पण टेकर होत नाही. तुमची फाइल उतरवा आणि मेकर-टेकरचा कॉलम बघा. तुम्ही समजता तितके मेकर निघणार नाही.

दुसरा घोळ मोठा आहे. स्टॉप नेहमी टेकरच असतो. धागाकर्त्यांचे 52 टक्के ट्रेड स्टॉपला जातात. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा बाहेर पडताना 0.05 द्यावेच लागणार. जिंकलेल्या ट्रेडला येताना-जाताना मेकर, जीएसटी धरून 0.0472. हरलेल्याला येताना मेकर, जाताना टेकर, 0.0826. सरासरी 0.0656 पडते आणि मुळात नफा आहे 0.062. ट्रेडमागे 36 रुपये तोटा. म्हणजे 560 रुपयांच्या तोट्यावरून 36 वर आलात. सुधारणा प्रचंड आहे, पण तुमचे ते 52 हजार यात कुठेच नाहीत.

एक्सपेक्टन्सीपेक्षा मला किमान किती टक्के जिंकायला हवं हा आकडा बघायला आवडतो, कारण तो लगेच बोलतो:

```
p = (S + F_loss) / (T + S + F_loss - F_win)
```

T म्हणजे टार्गेट, S म्हणजे स्टॉप, बाकी दोन म्हणजे हरल्यावर आणि जिंकल्यावर एका फेरीला पडणारी फी. फी शून्य असती तर गोदाकाठ यांना 38.5 टक्के पुरले असते. येताना पोस्ट ओन्ली, टार्गेट लिमिटने आणि स्टॉप मार्केटने ठेवला तर 48.5 लागतात. सगळं मार्केटने केलं तर 56.6. त्यांच्याकडे 48 आहेत.

---

हडपसरचा_स्वप्नील

फाइल बघितली. 41 टक्के ऑर्डर टेकर. 😐 पोस्ट ओन्लीची टिक कधीतरी काढली गेली होती.

पण मग स्टॉपसुद्धा लिमिटने का लावू नये? स्टॉप-लिमिट असतोच की. ट्रिगर झाला की लिमिट बुकात जाते, तीही पोस्ट ओन्ली.

---

अर्धाटिक

जाते. आणि तिथेच बसते, भाव खाली निघून जातो. स्टॉप लागतो तेव्हा भाव तुमच्या विरुद्ध धावत असतो. पोस्ट ओन्लीने विकायचं म्हणजे चालू भावाच्या वर पाटी लावायची, आणि पडत्या भावात वर कोण येतो घ्यायला? शंभरातल्या ऐंशी वेळा थोडा उलटा झटका येऊन लागेलही. उरलेल्या वेळी 0.25 चा स्टॉप 1 टक्का होईल. तीन पैशांच्या फरकासाठी चौपट तोटा. ज्यांना हे पटत नाही त्यांनी 11 ऑक्टोबर 2025 ची पहाट आठवावी, ट्रम्प यांच्या चीनवरच्या टॅरिफच्या घोषणेनंतरची. एका दिवसात 19 अब्ज डॉलरच्या वर पोझिशन लिक्विडेट झाल्या होत्या. त्या पहाटे स्टॉप-लिमिट लावून झोपलेले एक-दोन जण माझ्या ओळखीचे आहेत.

स्टॉपची टेकर फी ही विम्याचा हप्ता आहे. तिथे काटकसर नको.

---

मीनाक्षी_सांगली

तुम्ही सगळे पैशात काटकसर शोधताय आणि इथे रुपयाच जातोय. मी स्पॉटवर करते, रुपयात. माझी फी किती यापेक्षा दर विक्रीवर 1 टक्का टीडीएस कापला जातो तो मोठा. कलम 194एस, 1 जुलै 2022 पासून. 0.40 टक्क्यांच्या टार्गेटसाठी 1 टक्का कापून घ्यायचा! एक लाख घेऊन शंभर वेळा घेतलं-विकलं, नफा-तोटा शून्य धरला, फी शून्य धरली, तरी हातात साधारण 36,600 राहतात. बाकीचे सरकारकडे. रिटर्न भरताना मिळतात, पण वर्षभर भांडवल गोठलेलं. मेकर काय आणि टेकर काय.

शिवाय 115बीबीएचखाली 30 टक्के कर, आणि त्यात खरेदीची किंमत सोडून दुसरं काही वजा होत नाही. फीही नाही. एका ट्रेडचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. तेव्हा तुमची ही एक्सपेक्टन्सी करानंतर काढा बरं एकदा.

---

गोदाकाठ

मीनाक्षीताई, मी स्पॉट नाही, फ्युचर्स करतो. त्यावर टीडीएस कापला जात नाही माझ्या इथे. पण तुमच्या शेवटच्या प्रश्नाने पोटात गोळा आला. फ्युचर्सचा नफा 115बीबीएचमध्ये धरायचा की धंद्याचं उत्पन्न म्हणून? फी वजा करता येते का? माझे 2.18 लाख नफा धरले आणि 4.15 लाख फी नाही धरली तर तोट्यावर कर भरायचा?

---

मीनाक्षी_सांगली

अच्छा, मी परपेच्युअल नीट वाचलंच नव्हतं, माफ करा. पण ट्रेडनुसार धरलं तर ते 2.18 लाखसुद्धा नाहीत हो. जिंकलेले सगळे ट्रेड एकीकडे, हरलेले वजा नाहीत. फ्युचर्सचं नेमकं काय ते मी सांगू शकत नाही. आमच्या ऑफिसात दोन सीए आहेत आणि त्यांची तीन मतं आहेत. एक म्हणतात कॉइनची डिलिव्हरीच होत नाही, मग ते व्हीडीएचं हस्तांतरण कसं? दुसरे म्हणतात नोटीस आली तर हा युक्तिवाद तुम्ही करा. लेखी मत घेऊन ठेवा.

---

बाराबंदी

तिसरं मत एफडी.

---

दुबईकर_पाटील

गोदाकाठसाहेब, तुमच्या टिअरच्या मूळ प्रश्नाकडे कोणी वळलंच नाही. मी इथे हायपरलिक्विडवर करतो. तिथे खालची पायरी मेकर 0.015, टेकर 0.045. चौदा दिवसांत 50 लाख डॉलरच्या वर गेलं की 0.012 आणि 0.040. मी गेल्या वर्षी तीन महिने ती पायरी धरून ठेवण्यासाठी ट्रेड करत होतो. मागच्या चौदा दिवसांचा व्हॉल्यूम कमी पडतोय असं दिसलं की सिग्नल नसताना घ्यायचो, लगेच विकायचो. ‘फक्त फी जाईल’ असं म्हणत. बायको म्हणाली, मॉलमध्ये फुकट पार्किंगसाठी पाच हजारांची खरेदी करणारे तुम्हीच ना?

हिशोब घातला तेव्हा कळलं की पायरी चढून महिन्याला जेवढं वाचत होतं त्याच्या दुप्पट पायरी टिकवायला जात होतं.

रिबेटचं म्हणाल तर तेही आहे. मेकरला उलटे पैसे मिळतात. पण त्यासाठी एक्स्चेंजच्या एकूण मेकर व्हॉल्यूममधला निदान अर्धा टक्का वाटा तुमचा हवा. आपल्यासारख्यांचं ते काम नाही.

---

अर्धाटिक

पाटलांनी बरोबर जागी बोट ठेवलं. गोदाकाठ यांच्याच आकड्यांवर करून बघू.

एका ट्रेडचा व्हॉल्यूम येऊन-जाऊन 20 लाख. महिन्याचे 176 ट्रेड, म्हणजे 35 कोटी. डॉलर 88 ला धरला तर 40 लाख डॉलर. दीड कोटी डॉलर गाठायला 660 ट्रेड लागतील, म्हणजे दिवसाला तीस.

सगळ्यात आधी हा प्रश्न विचारा: ते जास्तीचे 484 ट्रेड येणार कुठून? तुमचा 48 टक्क्यांचा आकडा दिवसाला आठ ट्रेड निवडणाऱ्या माणसाचा आहे. तीस घेणारा माणूस वेगळा असतो. बाकीचे बावीस सिग्नल तुम्ही आज सोडून देता ते काहीतरी कारणानेच सोडता.

तरी समजा चमत्कार झाला आणि टक्केवारी टिकली. टिअर मागच्या 30 दिवसांवर मिळते, त्यामुळे पहिला महिना जुन्याच दराने जाणार. मार्केट ऑर्डरने 660 ट्रेड, प्रत्येकी 560 रुपये तोटा, 3.7 लाख. खात्यात 4 आहेत. आता उरलेल्या 30 हजारांवर तुम्ही वरच्या टिअरमध्ये दाखल झालात. तिथे टेकरने एका फेरीला जीएसटीसह 0.0944 पडतात. अजूनही ट्रेडमागे 324 रुपये तोटाच. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा 660 केले नाहीत तर टिअर जाते ती जातेच.

मेकर धरून केलं तर वरच्या टिअरमध्ये ट्रेडमागे साधारण 95 रुपये नफा निघतो, कागदावर. कागदावर हा शब्द मुद्दाम लिहिला आहे.

टिअरचा फायदा ज्याची पद्धत खालच्याच दरात थोडीफार नफ्यात आहे त्याला होतो. त्याला ती बक्षीस म्हणून मिळते. तोट्यातल्याला टिअर म्हणजे तोटा वेगाने करण्याचं आमंत्रण. एक्स्चेंज हे दर पानावर ठळक छापतं ते काही आपल्या कळवळ्याने नाही.

---

गोदाकाठ

दिवसाला तीसचा आकडा वाचूनच हात जोडले. टिअरचा नाद सोडला.

पण मग पोस्ट ओन्लीने 36 रुपये तोटा म्हणजे जवळपास शून्यच. स्टॉप जरा घट्ट केला, दोन-चार फालतू ट्रेड गाळले की नफ्यात येतो की. ‘कागदावर’ का म्हणालात?

---

अर्धाटिक

कारण तो हिशोब प्रत्येक ऑर्डर लागते असं धरून केला आहे. मार्केट ऑर्डर लागतेच. पोस्ट ओन्ली लागेल की नाही ते समोरचा ठरवतो.

तुम्ही नाशिकचे, म्हणून लासलगावचं उदाहरण देतो. समजा तुम्ही यार्डाबाहेर पाटी लावून बसलात की कांदा अमुक भावाने घेईन, एक रुपया वर देणार नाही. भाव चढणार असं ज्या शेतकऱ्याला वाटतं तो तुमच्याकडे फिरकणारही नाही. भाव पडणार अशी कुणकुण ज्याला लागली तो ट्रॅक्टर थेट तुमच्या दारात आणून लावेल. संध्याकाळी तुमच्याकडे माल भरपूर असतो, पण कोणता?

ऑर्डर बुकात अगदी हेच होतं. तुमची खरेदीची लिमिट 1,00,000 ला आहे. ट्रेड हरणारा असेल तर भाव तुमच्या पातळीला छेदून खाली जाणार, म्हणजे तुमची ऑर्डर शंभर टक्के लागणार. ट्रेड जिंकणारा असेल तर भाव कदाचित खाली न येताच वर निघून जाईल. म्हणजे हरणारे सगळे तुमचे आणि जिंकणाऱ्यांतले काही हातचे निसटलेले. त्यातही सगळ्यात जोरात पळणारे आधी निसटतात. त्यात रांगही असते. त्याच भावाला तुमच्या आधी शेकडो ऑर्डर उभ्या असतात. भाव नुसता टेकून वर गेला तर पुढच्यांचं काम होतं, तुमचं नाही. बॅकटेस्टमध्ये भाव टेकला की ऑर्डर लागली असं धरतात, म्हणून तिथे मेकरची पद्धत नेहमी सुंदर दिसते.

मी काही वर्षं एका छोट्या टीमसाठी मार्केट मेकिंगचा कोड लिहायचो. बिटमेक्स त्या काळी मेकरला 0.025 टक्के उलट द्यायचं आणि टेकरकडून 0.075 घ्यायचं. रिबेट म्हणजे फुकटचे पैसे असं समजून येणारे रोज दिसायचे. 0.025 मिळायचे खरे, पण ऑर्डर लागल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात भाव सरासरी त्याहून जास्त विरुद्ध सरकलेला असायचा. आम्ही तेवढा एकच आकडा रोज बघायचो. बाकी सगळे आलेख सजावटीचे.

तुम्हीही तेच करा. दहावा भाग साइझ ठेवा. प्रत्येक सिग्नलला पोस्ट ओन्ली लावा, पाच मिनिटांत नाही लागली तर काढून टाका. आणि न लागलेल्या सिग्नलचं पुढे काय झालं तेही लिहून ठेवा. लोक लागलेल्यांची वही ठेवतात. उत्तर न लागलेल्यांच्या वहीत असतं.

---

हडपसरचा_स्वप्नील

+1. ही न लागलेल्यांची वही मी कधीच ठेवली नाही. पण एक शंका, सिग्नल न लागला तर भाव पाठलाग करून लिमिट वर सरकवत न्यायची, असं मी करतो. तेही चुकीचं का?

---

अर्धाटिक

चुकीचं असं नाही. पण किती सरकवलीत ते मोजा. भाव 0.03 टक्के वर गेल्यावर लागली तर मेकर होऊन वाचवलेले ते तीन पैसे तुम्ही तिथेच दिलेत, फक्त फीच्या रकान्यात दिसले नाहीत.

---

जुना_वायदेवाला

आता थोडं थोडं कळतंय. आमच्या इथे टिकवर उभं राहून वाट बघण्याचे तोटे आम्हाला माहीत होते, त्याला दर लावलेला नव्हता इतकंच.

---

गोदाकाठ (साडेतीन आठवड्यांनंतर)

वही घेऊन आलोय. पोझिशन 1 लाखाची, नियम तेच, एकूण 120 सिग्नल.

97 लागले, 23 निसटले. लागलेल्या 97 पैकी 41 टार्गेटला, 56 स्टॉपला. निसटलेल्या 23 पैकी 19 नंतर टार्गेटला गेले असते! तेवीसपैकी एकोणीस. रात्री साडेअकराला हा आकडा मोजला आणि मुलाला उठवून पुन्हा मोजायला लावला.

म्हणजे एकूण 120 मध्ये जिंकणारे 60. माझी निवड 50 टक्क्यांची होती, या महिन्यात आधीपेक्षा बरी. पण माझ्या हाताला लागलेल्या ट्रेडमध्ये ती 42 टक्के झाली.

पैशात सांगतो. सगळं मार्केटने केलं असतं तर फी आणि जीएसटी धरून 5,160 तोटा. पोस्ट ओन्लीने सगळे 120 लागले असते तर कागदावर 1,212 नफा. प्रत्यक्षात झाला 4,161 तोटा. म्हणजे मेकर होऊन माझे हजार रुपये वाचले, आणि मला वाटत होतं सहा हजारांच्या वर वाचतील.

आता पुढे काय करावं?

---

दुबईकर_पाटील

एवढी प्रामाणिक वही मी पाहिली नाही. माझं मत: टार्गेट आणि स्टॉप दोन्ही तिप्पट करा. 1.20 आणि 0.75. फी तेवढीच राहते, हालचाल तिप्पट. टेकरनेच घ्या, निसटण्याची भानगड नको. 48 टक्के जिंकलात तरी फी वजा जाऊन 10 लाखांवर ट्रेडमागे 680 रुपये उरतात. मी छोटे ट्रेड सोडून हेच केलं. दिवसाला आठऐवजी आठवड्याला आठ.

---

अर्धाटिक

गणित बरोबर आहे. आज त्यांच्या एका फेरीची टेकर फी स्टॉपच्या जवळपास निम्मी आहे, 0.25 वर 0.118. तिप्पट केल्यावर ती सहावा भाग होते. फक्त त्यात एक गृहीतक दडलंय की वीस मिनिटांच्या हालचालीत तुम्हाला जे दिसतं तेच सहा-आठ तासांच्या हालचालीत दिसेल. ते कदाचित दिसेल, कदाचित नाही. शिवाय तेवढा वेळ धरलं की फंडिंगही मध्ये येतं, दर आठ तासांनी. तेही रकान्यात धरा. पाटलांचं चाललं म्हणून तुमचं चालेल असं नाही.

मला त्या 19 मध्ये जास्त रस आहे. ते सिग्नल आले तेव्हा काही वेगळं होतं का? ऑर्डर बुकात एक बाजू पातळ होती का, मागच्या पाच मिनिटांत व्हॉल्यूम चढलेला होता का, वेळ कोणती? जे सिग्नल पळणार हे आधी ओळखता येत असेल तर फक्त तेवढेच टेकरने घ्यायचे, मोठ्या टार्गेटने, आणि बाकीचे सोडूनच द्यायचे. आधी ओळखता येत नसेल तर ही पद्धत या दरात चालत नाही, मेकरने नाही आणि टेकरनेही नाही.

---

मीनाक्षी_सांगली

आणि त्या 41 जिंकलेल्या ट्रेडचं कराचं काय, ते विचारायचं राहूनच गेलं सगळ्यांचं. लेखी मत घेतलंत का?

---

गोदाकाठ

सीएंची वेळ शनिवारची मिळाली आहे.

19 ची यादी काढून बसलोय. 13 अमेरिकन बाजार उघडल्यानंतरच्या पहिल्या तासातले आहेत, म्हणजे आपल्या संध्याकाळी सात ते आठ, आणि थंडीत घड्याळ बदललं की तासभर उशिरा. पण मी तर नऊनंतर बसतो असं सुरुवातीला लिहिलं होतं. या महिन्यात दोन मशीन बंद होती म्हणून लवकर बसायला मिळालं, त्यातले बरेच तेव्हाचे. तेवढ्यावरून काही म्हणणं धाडसाचं आहे. अजून शंभर सिग्नल त्याच तासात 1 लाखावरच लिहून काढतो आणि आकडे इथेच टाकतो.

---

बाराबंदी

मशीन दुरुस्त झाली का?

---

गोदाकाठ

एक झालं. दुसऱ्याचं स्पिंडल बेअरिंग यायचंय.